मुकादमाची बाजू कोण सांगतं? माहितीपटातलं निवेदन आणि मुलाखती तपासायची रीत

ऊसतोडीवरचा माहितीपट बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दाखवला, की पडद्यासमोर कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपीही बसलेली असतात, त्यांची टोळी नेणारे मुकादमही असतात आणि ज्यांच्या घरातलं कोणी कधी तोडीला गेलेलं नाही अशीही माणसं असतात. सगळ्यांनी पाहिलेलं एकच असतं. पण दिवे लागल्यावर बहुतेकांच्या बोलण्याचा कल एकाच बाजूला गेलेला दिसतो, आणि तो का गेला हे विचारलं तर उत्तर मिळतं, "आता डोळ्यांनी पाहिलं की!" डोळ्यांनी पाहिलेलं असतं हे खरं. पण ते पाहताना कानात कोणाचा आवाज होता आणि बोलण्यातलं किती आपल्यापर्यंत पोचलं, हे तपासायची एक रीत आहे. वही, घड्याळ आणि दोन-तीन तास निवांत वेळ एवढंच त्याला लागतं.

ही रीत समजावण्यासाठी मी चोवीस मिनिटांचा एक माहितीपट रचून घेतो. त्याचा विषय एक मुकादम. तो माणूस काल्पनिक आहे, पण व्यवहार आपल्या परिचयाचाच आहे. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याला हंगामाआधी उचल मिळते आणि ती तोडणीतून फेडायची असते. उचल मुकादमाच्या हातून जाते. कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून आलेल्या पैशाला तोच बांधलेला असतो, म्हणून कोयता पळाला तर वसुली त्याच्याच दारात येते. म्हणजे हा माणूस कोणाला देणेकरी आणि कोणाला सावकार. माहितीपटासाठी असा माणूस फार अवघड असतो, आणि म्हणूनच उदाहरणाला चांगला.

सगळ्या तपासणीमागचं सूत्र आधीच सांगून टाकतो. पडद्यावर ज्याला आपल्या वागण्याचं कारण स्वतःच्या तोंडानं सांगता येतं, त्याच्याकडे प्रेक्षक झुकतो. ज्याचं कारण निवेदक सांगतो त्याच्याबद्दल फार तर कीव वाटते. ज्याचं कारण कोणीच सांगत नाही, तो पडद्यावर नुसता वावरतो आणि आपण त्याला विसरतो.

पहिली पायरी: न थांबवता पाहा, आणि फक्त आपला कल लिहा

पहिल्या वेळी काहीही तपासू नका. दर तीन मिनिटांनी एकच ओळ लिहा: या क्षणी मी कोणाच्या बाजूनं आहे? कारणं शोधत बसू नका, चित्रपट थांबवू नका. आपल्या उदाहरणात नोंद अशी होऊ शकते. तिसऱ्या मिनिटाला, "मुकादम कष्टाळू वाटतो." नवव्याला, "त्याच्यावर फार बोजा आहे." पंधराव्याला, "कोयते पैसे घेऊन पळतात हे बरोबर नाही." एकविसाव्याला, "बिचारा."

ही नोंद आधी करावी लागते, कारण तपासणी सुरू झाल्यावर आपण सावध होतो आणि मूळ कल आठवत नाही. नंतर प्रत्येक ओळीसमोर ती कशामुळे आली हे शोधायचं आहे.

दुसरी पायरी: वहीत चार रकाने

आता थांबवत, मागे नेत पाहा. वहीत चार रकाने आखा: वेळ, आवाज कोणाचा, पडद्यावर काय, आणि कारण कोण सांगतंय. पहिले तीन रकाने कोणीही भरेल. चौथ्यासाठी मात्र डोकं लावावं लागतं. चोवीस मिनिटांसाठी अडीच तास तरी धरा.

आपल्या माहितीपटाची बेरीज समजा अशी निघाली: मुकादम स्वतः बोलतो सात मिनिटं, निवेदन सहा मिनिटं, एक पुरुष कामगार दीड मिनिट, एक बाई चाळीस सेकंद. उरलेल्या वेळात संगीत, फडातले आवाज, गाडीच्या चाकांखालची वाट. बेरजेनं एक गोष्ट लगेच कळते, पण तिथे थांबू नका. मुकादमावरच्या चित्रपटात मुकादम जास्त बोलणार हे साहजिक आहे, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

चौथा रकाना वाचा. मुकादम सात मिनिटांत काय सांगतो? उचल का द्यावी लागते, हिशेब कसा बसतो, तीन वर्षांपूर्वी चार कोयते पळाले तेव्हा त्यानं रान विकून पैसे कसे भरले. सगळी कारणं. बाई चाळीस सेकंदांत काय सांगते? उसाच्या पाचटानं हात कापतात, पहाटे कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून, निघताना लेकरू झोपलेलं असतं, थंडी फार असते. सगळे त्रास. उचल कशासाठी घेतली, हिशेबाच्या वेळी तिला कोणी विचारलं का, गेल्या हंगामाचं फिटलं का, यातलं काहीच तिच्या तोंडून येत नाही. त्या चाळीस सेकंदांत तिच्यासाठी जीव हळहळतो, पण व्यवहार काय आहे हे आपण मुकादमाकडूनच शिकतो. आणि ज्याच्याकडून व्यवहार शिकलो, त्याच्याच नजरेनं पुढची पंधरा मिनिटं पाहतो.

माझ्या मते सहानुभूती घडवण्याची सगळ्यांत मोठी जागा हीच आहे. कामगारांवर अन्याय होतो असं कळकळीनं सांगणारे कितीतरी माहितीपटही इथेच चुकतात. कामगारांना ते रडायला जागा देतात आणि विचार मांडायला तज्ज्ञ बसवतात.

तिसरी पायरी: निवेदन कागदावर उतरवा

निवेदनाचं वाक्य न् वाक्य लिहून काढा आणि चित्र न पाहता वाचा. मराठीत तीन गोष्टी चटकन सापडतात.

पहिली, आदर. निवेदक कोणाला "ते" म्हणतो आणि कोणाला "तो", "ती"? मुकादम "पहाटे उठतात, टोळीची विचारपूस करतात" आणि कामगार "उचल घेतो, पळून जातो" असं असेल, तर पहिल्या दोन वाक्यांतच माणसांची उंची ठरली. हे बहुतेक वेळा मुद्दाम केलेलं नसतं. लिहिणाऱ्याच्या रोजच्या सवयीतून ते येतं, पण परिणाम तोच होतो.

दुसरी, क्रियापदं. तोच माणूस "सांगतो", "आठवतो", "दावा करतो", "कबूल करतो" यांपैकी काय करतो? "दावा करतो" म्हटलं की पुढचं वाक्य ऐकण्याआधीच शंका येते. "कबूल करतो" म्हटलं की गुन्हा गृहीत धरला जातो. आणि कर्ता कुठे गायब होतो ते पाहा. "हिशेबात कपात झाली" या वाक्यात कपात करणारा नाही. "मुकादमानं कपात केली", "कारखान्यानं कपात केली" ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत, आणि नुसतं "कपात झाली" म्हटलं की त्याआड दोघंही लपू शकतात.

तिसरी गोष्ट आकडा, आणि तिच्यासाठी थोडं थांबावं लागेल. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. निवेदनात नुसतं "तेरा हजारांहून अधिक" म्हटलं तर ऐकणारा हादरतो, पण त्याला प्रमाण कळत नाही. पाहणी किती जणींची झाली हे जोडलं की दर सहा जणींमागे साधारण एक, असा हिशेब मनात बसतो.

त्याहूनही नाजूक प्रश्न हा, की निवेदक हा आकडा उच्चारत असताना पडद्यावर कोण आहे. त्या क्षणी मुकादम चहा पिताना दिसत असेल, तर वाक्यात त्याचं नाव नसतानाही तो आकडा त्याच्या माथी बसतो. त्याच ठिकाणी खासगी दवाखान्याची पाटी दाखवली तर डॉक्टरकडे बोट जातं. तोडीवर खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळी आणि दुखणी अंगावर काढणाऱ्या बाईचा चेहरा असेल, तर मजुरीच्या रीतीकडे लक्ष जातं. आकडा खरा असतो, वाक्य खरं असतं, पण दोष कोणाचा हे चित्रानं ठरवलेलं असतं. म्हणून वहीत प्रत्येक आकड्यासमोर त्या वेळचा चेहरा लिहा. निवेदक आरोप शब्दांत करत असेल तर त्याला पुरावा मागता येतो. चित्राच्या जोडीनं केलेल्या आरोपाचा पुरावा मागायचं प्रेक्षकाला सुचत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी १९५७ च्या 'लेटर फ्रॉम सायबेरिया'मध्ये ही गोष्ट उघड करून दाखवली. याकुत्स्क शहरातल्या रस्त्याचं एकच दृश्य, एक बस, एक मोटार, रस्त्याचं काम करणारे मजूर आणि कॅमेऱ्यासमोरून जाणारा एक माणूस. हेच दृश्य त्यांनी वेगवेगळ्या निवेदनांसह पुन्हा पुन्हा दाखवलं. एकदा मजूर आनंदानं राबताना दिसतात, एकदा गुलामासारखे हाल सोसताना, आणि एकदा तटस्थ सुरात. ते तटस्थ निवेदनही पूर्ण खरं वाटत नाही. आपल्याकडे १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरात मुख्य सिनेमाआधी सक्तीनं दाखवले जात. एक अदृश्य, भारदस्त आवाज सगळं सांगतो आणि पडद्यावरची माणसं मान डोलावतात, ही घडण कित्येक पिढ्यांच्या कानात तिथूनच बसली. आजही तो सूर ऐकला की आपण तपासणं सोडून देतो.

चौथी पायरी: मुलाखतीचे सांधे शोधा

इथे एका वाक्याचा प्रवास पाहू. मुकादम कॅमेऱ्यासमोर हे बोलला असं समजा:

"मारायचं कुणाच्या मनात नसतंय. पण एक जोडी पळाली की मागं चार पळत्यात, मग हात उचलावा लागतो. ती बी माणसंच हायती."

सगळं मिळून बारा-पंधरा सेकंद. संकलनाच्या टेबलावर याचे तीन तुकडे होऊ शकतात. पहिला संकलक मधलं वाक्य काढतो आणि उरतं, "मारायचं कुणाच्या मनात नसतंय. ती बी माणसंच हायती." प्रेक्षकाला मोठ्या मनाचा माणूस दिसतो. दुसरा फक्त मधलं ठेवतो, "एक जोडी पळाली की मागं चार पळत्यात, मग हात उचलावा लागतो." आता समोर दुष्ट माणूस आहे. तिसरा अख्खं ठेवतो. मग प्रेक्षकाला असा माणूस दिसतो, ज्याला आपण मारतो हे माहीत आहे, ते चूक आहे हेही कळतं, आणि तरी तो ते गरजेचं समजतो. पहिल्या दोन्ही तुकड्यांत एकही शब्द खोटा नाही. तरी मी तिसऱ्याच्या बाजूनं उभा राहीन. त्यात माणूस सुटतही नाही आणि त्याला राक्षसही केलेलं नाही, आणि मारहाणीची कबुली तर पूर्ण जागेवर राहते.

पाहणाऱ्याला मूळ चित्रण मिळत नाही. मग सांधा कसा ओळखायचा? माणूस बोलता बोलता मध्येच चित्र त्याच्या हातांवर, पायातल्या चपलेवर किंवा कोपीच्या दारावर गेलं आणि आवाज मात्र चालू राहिला, तर तिथे बोलणं जोडलेलं असण्याची शक्यता असते. दर वेळी तसं असेलच असं नाही, कधी नुसतं दृश्य खुलवायलाही तसं करतात. म्हणून हेडफोन लावून त्याच जागी मागचा आवाज ऐका. वाऱ्याचा, ट्रॅक्टरचा, कुत्र्याचा आवाज अचानक तुटला किंवा बदलला तर सांधा जवळजवळ नक्की. दुसरी खूण स्वराची. बोलणं संपताना माणसाचा स्वर खाली येतो. "हात उचलावा लागतो" यावर स्वर वरच राहिला असेल, तर तो पुढे काहीतरी बोलला होता. तिसरी खूण श्वासाची. दोन वाक्यांमध्ये श्वासच नसेल, किंवा अर्धवट तुटलेला श्वास असेल, तर मधलं काहीतरी गेलं आहे. अशा जागी वहीत "सांधा" लिहा, आणि तिथे काय असू शकलं असतं याचा अंदाज लिहायचा मोह टाळा.

पुढे प्रश्नाकडे या. मुलाखतकाराचा प्रश्न ऐकू येतो का? "तुम्ही मारता असं लोक म्हणतात, खरं का?" या प्रश्नाला दिलेलं उत्तर प्रश्न कापून दाखवलं, तर तो माणूस आपण होऊन मारण्याचा विषय काढतो असं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल लॅसिटर यांनी १९८० च्या दशकापासून पोलिस चौकशीच्या व्हिडिओंवर प्रयोग केले. कॅमेरा फक्त संशयितावर असला तर पाहणाऱ्यांना त्याचा कबुलीजबाब जास्त स्वेच्छेनं दिलेला वाटतो, आणि विचारणाराही तितकाच चौकटीत असला तर तसं कमी वाटतं, असं त्यांना आढळलं. माहितीपटातली मुलाखत ही चौकशी नव्हे. पण एकट्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा तिथेही हेच करतो. प्रश्न विचारणाऱ्याचं वजन, त्याची गाडी, त्याच्यासोबत आलेला गावचा पुढारी, हे सगळं चौकटीबाहेर राहतं.

म्हणून मुलाखत कुठे घेतली हेही लिहा. आपल्या उदाहरणात मुकादम स्वतःच्या ओसरीवर, खुर्चीत, सावलीत बसून बोलतो. बाई फडात, मोळी बांधता बांधता, उन्हात डोळे बारीक करून बोलते. ओसरीवर माणूस विचार करून बोलतो आणि फडात घाईनं. तिच्या शेजारी कोण उभं आहे याकडे खास लक्ष द्या. चौकटीच्या कडेला मुकादमाचा माणूस किंवा नुसती त्याची सावली दिसली, तर तिच्या "काई तकरार नाय आपली" या उत्तराचं वजन बदलतं. ते उत्तर खोटं ठरत नाही, पण ते कोणाच्या कानांसाठी होतं हे कळतं.

पाचवी पायरी: जे नाहीत त्यांची यादी

ही पायरी छोटी आहे. या व्यवहारात कोणाचा पैसा, कोणाचा निर्णय आणि कोणाचं अंग आहे ते लिहा, आणि त्यांतलं पडद्यावर कोण बोललं नाही ते खुणेनं दाखवा. आपल्या चित्रपटात कारखान्याच्या शेती विभागाचा अधिकारी नाही, वाहनमालक नाही, पळून गेलेल्या चारांपैकी एकही जोडी नाही. त्या शेवटच्या जोडीची उणीव सगळ्यांत मोठी. मुकादमाच्या दुःखाचं सगळं कारण म्हणजे ती जोडी, आणि तिच्याबद्दलचा शब्द न् शब्द मुकादमाचा आहे. कारखाना नसल्याचा परिणाम वेगळाच होतो. वरचा हात चित्रातून गेला की भांडण मुकादम आणि कोयता या दोघांतलंच वाटू लागतं, आणि प्रेक्षक त्या दोघांपैकी एकाला निवडून मोकळा होतो.

सहावी पायरी: तीन मिनिटांवर प्रयोग

चित्रपटातली तीन मिनिटं निवडा, शक्यतो जिथे तुमच्या पहिल्या नोंदीत कल बदलला होता तिथली. आवाज बंद करून ती दोन-तीन माणसांना दाखवा आणि हा माणूस कसा वाटतो विचारा. दुसऱ्या दोन-तिघांना चित्र न दाखवता नुसता आवाज ऐकवा. मग निवेदनाच्या जागी तुम्ही लिहिलेलं दुसरं निवेदन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, चित्राबरोबर वाजवून तिसऱ्या गटाला दाखवा. मूळ वाक्य समजा असं आहे: "पहाटेच्या अंधारात मुकादम टोळीला हाक देतात. अख्ख्या हंगामाचा भार त्यांच्या खांद्यावर आहे." तुमचं वाक्य असं असू शकतं: "पहाटेच्या अंधारात मुकादमाची हाक येते. उठायला उशीर झाला तर खाडा धरला जाईल." दोन्ही वाक्यं त्याच चित्रावर नीट बसतात.

नुसत्या चित्रावर लोकांचं मत विखुरलं आणि निवेदनासह एकवटलं, तर सहानुभूती निवेदनानं घडवली आहे. चित्रावरच मत एकवटलं, तर प्रकाश, चौकट आणि माणसाचा चेहरा यांनी ते काम केलं आहे. आवाजावरच एकवटलं, तर त्याच्या बोलण्याच्या निवडीनं. चार-सहा माणसांच्या अशा प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, आणि एकाच घरातली माणसं घेतली तर ती एकमेकांकडे पाहून बोलतात. शक्य असेल तर एखादी तोडीला जाऊन आलेली बाई प्रेक्षकांत असू द्या. बाकीच्यांना न दिसलेलं तिला दिसतं, जसं कोयता हातात कसा धरलाय त्यावरून हे चित्रण रोजच्या कामाचं आहे की कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेतलेलं.

निकाल देताना

वीस-पंचवीस तासांच्या चित्रणातून चोवीस मिनिटं काढायची म्हणजे कापणं आलंच. म्हणून "कापलं" हा आरोप होऊ शकत नाही. मी स्वतःला हा प्रश्न विचारतो: हे बोललेला माणूस हा तुकडा पाहून "होय, मी हेच म्हणालो" असं म्हणेल का? "मी असं म्हणालो, पण एवढंच नाही" असं तो म्हणणार असेल, तर गेलेल्या भागानं अर्थ उलटतो की फक्त लांबी कमी होते, हे पाहावं लागतं. मुकादमाच्या त्या तीन वाक्यांत अर्थ उलटला होता.

कोणी गैरहजर आहे म्हणून दिग्दर्शकाला लगेच दोषी धरू नका. कारखान्यानं बोलायला नकार दिला असेल, पळालेली जोडी सापडली नसेल. प्रामाणिक माहितीपट हे एका ओळीत पडद्यावर सांगतो, आणि ती ओळ नसेल तर विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे. चेहरा झाकलेल्या बाईच्या बाबतीत मात्र वेगळा विचार करा. चेहरा नसला की प्रेक्षक तिच्याशी कमी जोडला जातो, तिच्यासमोर मुकादमाचा उघडा चेहरा जड होतो. पण पुढच्या हंगामाला तिला त्याच टोळीत जायचं असेल, तर चेहरा झाकणं हाच बरोबर निर्णय आहे. अशा वेळी तोल सांभाळायला दिग्दर्शकाच्या हातात तिचा आवाज आणि वेळ उरतो. म्हणून वहीत तिच्या नावापुढे एवढं पाहून लिहा: तिचं सलग, न कापलेलं सगळ्यांत लांब बोलणं किती सेकंदांचं आहे, आणि त्यात तिनं एक तरी कारण सांगितलं आहे का.